दांडीजवळची सावली

आई गेल्यापासून ताई दगड झाली होती. रडली नाही, चिडली नाही, धड रजासुद्धा घेतली नाही. कोर्टातून आणि विमा कंपन्यांकडून आलेले फोटो खरे की बनावट, हे तपासायचं तिचं काम, आणि ते ती पहिल्यासारखंच चोख करत होती. डब्यातल्या भाजीची चव तेवढी लागत नव्हती. पुठ्ठा दिला असता तरी तिने तोही मुकाट्याने चावला असता.

आई कशामुळे गेली ते तिला ठाऊक होतं, इतरांना नसेना का. त्या सकाळी बाथरूममधली रबरी मॅट धुऊन तिने गॅलरीत वाळत घातली आणि परत जागेवर न टाकताच कामावर निघून गेली. घरात आई एकटी. अंघोळीला गेली, ओल्या फरशीवर घसरली, डोकं आपटलं. मॅट असती तर आई असती, एवढं एकच वाक्य ताईच्या डोक्यात फिरत होतं.

जेवणाच्या सुट्टीत धाकटा भाऊ तिच्या ऑफिसात आला. फोटो स्टुडिओत गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचे फोड पुसून पोट भरणारा माणूस. त्याने मोबाइल पुढे केला.

"हे बघ. त्या दिवशी मी काढलेला फोटो. मॅट फरशीवरच आहे. तू उगाच जीव जाळतेस."

"मग मी गॅलरीत काय वाळत घातलं?"

"टॉवेल असेल. घाईत होतीस तू."

ताईला बरं वाटलं नाही, वाईटही नाही. पण हाताला सवय होती. तिने फोटो मोठ्या पडद्यावर घेतला. बाथरूमची खिडकी डावीकडे, म्हणून बादलीची सावली उजवीकडे पडलेली, मगचीही उजवीकडे. फरशीवरच्या मॅटची जाड कड मात्र डावीकडे काळवंडली होती, खिडकीच्याच बाजूला. म्हणजे ही मॅट दुसऱ्याच कुठल्या उजेडात काढलेली, आणून इथे चिकटवलेली.

"मला शेंडी लावतोस?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच तो जास्त घाबरला.

त्याचा चेहरा पडला. "तुझ्यासाठी केलं गं. तू जेवत नाहीस, बोलत नाहीस..."

ती फोटो बघतच राहिली. समोरच्या भिंतीवर टॉवेलची दांडी होती, रिकामी. तिच्या मागच्या टाइलवर क्षाराचा एक वाकडा डाग आणि त्याला लागून केसाएवढी चीर. शेजारच्या टाइलवर तोच डाग, तीच चीर, त्याच वाकणाची. दोन टाइल्स इतक्या सारख्या कधी मळत नाहीत. इथे काहीतरी पुसलं होतं आणि शेजारचा तुकडा उचलून वर थापला होता. मॅट घातल्याचं कळलं, पण पुसलं काय?

तिने अंधारे भाग उजळले. दांडीच्या उजव्या बाजूला भिंतीवर एक फिकट, उभी सावली वर आली. ती कशाची, ते फोटोत कुठेच नव्हतं. तिच्या कडेला उजेडाचे गोल ठिपके होते, ओळीने. मॅटच्या कडेला तशीच भोकं होती.

"मूळ फोटो दाखव."

त्याने निमूटपणे दाखवला. फरशी उघडी, आणि मॅट दांडीवर घडी करून टाकलेली. "ती तिथे दिसली असती तर तू म्हणाली असतीस, मीच टांगली. म्हणून पुसली."

"गॅलरीतून आत कोणी आणली? तू?"

"मी कशालाच हात लावला नाही. मी पोचलो तेव्हा पोलीस दारातच होते, त्यांनीही कोणाला काही हलवू दिलं नाही. फोटोसुद्धा त्यांच्यासमोर काढला."

ताईने घडीकडे पाहिलं. तशी तिरकी, टोक बाहेर राहिलेली घडी घरात एकच बाई घालायची. आईला ती मॅट कधीच आवडली नव्हती. पायाला बुळबुळीत लागते, मला काय धाड भरलीये, असं रोज म्हणायची. त्या सकाळी तिने ती गॅलरीतून आत आणली, हातात धरली, आणि फरशीवर न टाकता दांडीवर ठेवून दिली.

ताईला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि ते आलं तेही मेलेल्या आईवर.

"घालायला काय झालं होतं गं तुला? हातातच होती ना!" ती पडद्यावर ओरडली. पलीकडच्या टेबलावरचा कारकून दचकून वळला. मग ती रडली, नाक गळेपर्यंत, लहान पोरीसारखी.

धाकट्याने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मी पुसायलाच नको होतं."

ताईने पदराने डोळे पुसले आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"बरं झालं तुला सावली पुसता येत नाही," ती म्हणाली.