मधलं नाव

"ह्याला ब्लेझर म्हणतोस? अरे, सोलापुरात माझ्या मालकाने तुला दुकानाच्या पायरीवरून हाकललं असतं!"

श्यामकांत इतक्या जोरात बोलला की शेजारच्या टेबलावरच्या मुली वळून बघायला लागल्या. स्क्रीनवर एका देखण्या पोराचा फोटो होता. अंगात मेंदी रंगाचं जाड काहीतरी, छातीपर्यंत बटणं लावलेली, दोन्ही हात खाली कुठेतरी खिशात.

"कॉलर बघ की," सलील म्हणाला. "उघडी, छातीवर दुमडलेली."

"कॉलर काय बघतोस, खांदा बघ. आत पॅड नाही, शिवण दंडावर उतरलीय. ब्लेझरची बाही कशी, खांद्यात चपखल बसवलेली, वर जराशी भरीव. आणि मनगटाला काय आहे? शर्टाचा कफ! आता पाठीचा फोटो काढ. खांद्याखाली आडवा जोडलेला तुकडा, योक, दिसतो ना? सगळा बेत शर्टाचा. नुसतं कापड जाड. ओव्हरशर्ट."

एस्प्लनेडच्या त्या ऑफिसात दोघांचं काम एकच होतं: कपड्यांचे फोटो बघायचे आणि कुठला कपडा कुठल्या नावाखाली विकायचा ते ठरवायचं. नाव चुकलं की मापाचा तक्ता चुकतो. ब्लेझर छातीच्या इंचांवर जातो, ओव्हरशर्ट स्मॉल-मीडियमवर, आणि गिऱ्हाईक माल परत करतं. म्हणून एकच फोटो दोघांना एकमेकांना न दाखवता द्यायचे. उत्तरं जुळली नाहीत तर पाच मिनिटं बोलून घ्यायचं. एकाने माघार घेतली तर लाल खूण त्याला. दोघांनी मिळून तिसरंच नाव धरलं तर कुणालाच नाही. भांडण मिटलंच नाही तर वरच्या नूपुर मॅडम नमुना मागवायच्या आणि चुकेल त्याला खूण. तीन खुणा, की घरी.

सलीलच्या दोन झाल्या होत्या. श्यामकांतची एकही नव्हती, आणि ते तो दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवायचा.

"श्याम्या," सलील आवाज उतरवून म्हणाला, "ह्या वेळी माघार घे रे. तुला एका खुणेने काय होतंय? सत्तावन्नाव्या वर्षी मला कोण उभं करणार दारात?"

"मैत्री मैत्रीच्या जागी. कात्रीला मैत्री कळत नाही."

"बरं बाबा, मग शर्ट-जॅकेट लिहू दोघं. कॉलर माझी, कफ तुझा. मधलं नाव."

श्यामकांतला राग आला तो इथे. मधलं म्हणे! "शर्ट-जॅकेटला आत अस्तर लागतं, नाहीतर कमरेला बाजूच्या शिवणीत खिसे. दिसतंय का तुला अस्तर?"

"बटणं लावलीयत, दिसेल कसं? आणि हात कुठे घातलेत त्याने?"

"पँटच्या खिशात. अठ्ठावीस वर्षं कटिंग केलंय मी, युनिफॉर्मचं. मला नको शिकवूस."

दोघं रोज एक डबा उघडायचे, सलीलच्या बायकोच्या, शकुनवहिनींच्या हातची चटणी अर्धी अर्धी. त्या दुपारी सलीलने झाकण लावलं आणि एकटाच खाली चहाला गेला. पाच मिनिटं संपली. श्यामकांतने 'ओव्हरशर्ट' कायम ठेवलं.

गुरुवारी नमुना आला. नूपुर मॅडमनी बटणं काढून तो टेबलावर पसरला. आत पातळसं, टाके मारलेलं अस्तर होतं. दोन्ही बाजूंच्या शिवणीत कमरेशी खिसे होते. त्या पोराचे हात तिथेच होते.

"शर्ट-जॅकेट," मॅडम म्हणाल्या. "आप दोनों गलत।"

दोघांना एकेक लाल खूण. श्यामकांतची पहिली, सलीलची तिसरी. श्यामकांतला वाटलं, मेल्याने शिवी तरी द्यावी, चारचौघांत आईबापाचा उद्धार करावा. सलील फक्त म्हणाला, "हात खिशातच होते रे." दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच तो निघून गेला. फोन उचलेना.

आणि त्याचा कोट खुर्चीवर राहिला. एसीची थंडी सोसत नाही म्हणून तो रोज अंगात घालायचा, तो जुना राखाडी. संध्याकाळी श्यामकांतने तो हातावर घेतला. सियालदह स्टेशनवरून गाडी पकडून त्याच्या घरी नेऊन द्यावा, वहिनी दार उघडतील तेव्हा काय बोलायचं ते वाटेत सुचेल, असं त्याने ठरवलं.

फाटकावर गार्डने वही पुढे ओढली. कपडा बाहेर न्यायचा तर पास लागतो.

"क्या लिखूँ, दादा? जैकेट?"

श्यामकांतचा हात सवयीने कोटावर फिरला. खांद्याला पॅड. बाही नीट बसवलेली. काखेत अस्तर उसवलं होतं, ते वहिनींनी भलत्याच निळ्या दोऱ्याने टिपलं होतं. ब्लेझर. आंधळासुद्धा सांगेल.

"दादा, क्या लिखूँ?"

"जो ठीक लगे," श्यामकांत म्हणाला, "लिख दो।"

गार्डने काहीतरी लिहिलं. श्यामकांतने ते न वाचताच खाली सही केली.