शालूबाईची वरची मूठ

चिक्कीला प्रोटीनचा खुराक म्हणणाऱ्याला मी मैदानाभोवती पळायला लावीन, असं मी पोरींना ठणकावून सांगितलं. कारण हिरी सरावाला चिक्कीचं पाकीट घेऊन आली होती. लोणावळ्याच्या कुठल्याशा दुकानातलं, वर चमकदार चिठ्ठी: हाय प्रोटीन. आणि ही बया ते औषध घेतल्यासारखं रोज खात होती.

आमचा संघ वडिवळ्याचा, कुमारी गटाचा. मी स्वतः दहा वर्षं कबड्डी खेळले, आता तळेगावला ऑफिसात बसते आणि संध्याकाळी येऊन या पोरींवर खेकसते. हिरी आमचा डावा कोपरा. तिने घोटा धरला की चढाईवाली घरी गेलीच म्हणून समजा. पण या गटात वजन पासष्ट किलोच्या आत लागतं आणि हिरी साडेसहासष्टावर बसली होती. जिल्ह्याची निवड चाचणी दोन महिन्यांवर आलेली. काटा पासष्टच्या वर गेला तर मैदानात पाऊलसुद्धा ठेवू देत नाहीत, मग तुम्ही कितीही मोठ्या खेळाडू असा.

मंगलचं उलटं होतं. ती एवढी काटकुळी, की चढाईला गेली की समोरच्या पोरी तिला उचलून कडेला ठेवायच्या. तिला वजन वाढवायचं होतं. म्हणून मी घरचा स्वयंपाकाचा काटा मैदानावर आणला आणि सगळ्यांना गोल बसवलं.

फुटाणे, शेंगदाणे, चिक्की, तिन्ही तीस-तीस ग्रॅम तोलून कागदावर ठेवली. म्हटलं, ही साधारण तुमची एकेक मूठ. फुटाण्यात सहा-सात ग्रॅम प्रोटीन, चरबी दोनच्या आत, कार्ब सतरा-अठरा आणि कॅलरी एकशे दहा-वीस. वर तंतू भरपूर, पोट भरल्यासारखं राहतं. शेंगदाण्यात प्रोटीन थोडं जास्तच, साडेसात-आठ, कार्ब पाच-सहा, पण चरबी चौदा-पंधरा ग्रॅम, म्हणून कॅलरी एकशे सत्तरवर जातात. चरबी चांगली असते, पण वजन उतरवायचं असेल तर हात आवरायचा. चिक्कीत प्रोटीन जेमतेम चार. चरबी सात-आठ, कार्ब सोळा-सतरा, त्यातला बहुतेक गूळ, आणि कॅलरी दीडशे. वाईट नव्हे ती, दोन सामन्यांच्या मधे खाल्ली तर अंगात लगेच तरतरी येते. पण तिला खुराक म्हणू नका.

हिरीचं तोंड एवढंसं झालं. मंगल मात्र खूश, तिच्या वाट्याला शेंगदाणे आले होते.

पुड्या बांधायचं काम शालूबाईला दिलं. कामशेतच्या बाजारात तिची भट्टी आहे, वाळूत चणे फुटत असतात आणि वास पार रस्त्याच्या पलीकडे जातो. प्रत्येक पोरीच्या नावाची पुडी बांधायची, हिरीची तीस ग्रॅम फुटाण्यांची. पोरी येता-जाता आपापली पुडी उचलायच्या. हिरीला मी बजावलं, जेवणाव्यतिरिक्त फक्त पुडी, पण पुडी पूर्ण संपवायची, अर्धपोटी खेळायचं नाही. ती मान डोलावून गेली.

पंधरवडा झाल्यावर वजन केलं. मंगल हरणीसारखी उड्या मारत होती, तिचं वाढलं होतं. हिरी काट्यावर चढली आणि मी बघतच राहिले. साडेसहासष्टाचं सदुसष्टला टेकलं होतं.

माझं डोकं मुळातच तापट. मी सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, चोरून चिक्की खातेस आणि वर तोंड करून काट्यावर चढतेस?

हिरीने चप्पल घातली. जाताना एवढंच म्हणाली, "ताई, पुडीत व्हतं तेवढंच खाल्लंय. त्याच्या भायेरचा एक दाना न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी घरी भांडी आपटत होते. आई म्हणाली, पोरगी खोटं बोलली असती तर रागावली नसती, लाजली असती. तेव्हा मला पहिल्यांदा पुडीचा संशय आला.

सरळ शालूबाईची भट्टी गाठली आणि मुकाट्याने बघत उभी राहिले. बाई तराजूत फुटाणे घालत होती, काटा अगदी बरोबर आणत होती. मग कागद वळायच्या आधी तिचा हात बाजूच्या खाऱ्या शेंगदाण्यांच्या पाटीत गेला आणि एक भरगच्च मूठ पुडीवर पडली. पुडी बांधून झाली. वर हिरीचं नाव.

मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, वरची मूठ. तिच्या सासूनेही दिली, तिनेही दिली. काटा बरोबर करून हात आखडला तर भट्टी थंड पडते, असं तिच्या घरात मानतात. शिवाय हिरी मळ्यात राबून खेळायला येते, नुसत्या फुटाण्यांवर पोरीने कसं खेळायचं, म्हणून तिला शेंगदाणे.

ती मूठ मी तिच्याच तराजूत टाकली. चाळीसच्या वर भरली. भट्टीवर राबलेला रुंद पंजा तो, माझी दीड मूठ मावेल. म्हणजे रोज अडीचशेच्या आसपास कॅलरी फुकट, पुडीतल्या फुटाण्यांच्या दुप्पट. हिरीने शेंगदाणे पाहिले असणार, पण तिला वाटलं असणार ताईनेच सांगितलंय. पुडी पूर्ण संपवायची, असं मीच बजावलं होतं ना!

शालूबाईला मी म्हटलं, मूठ द्यायचीच तर तराजूत कमी घाल. ती कानांवर हात ठेवून म्हणाली, कमी तोललं तर पाप. आली का पंचाईत! शेवटी तिनेच मार्ग काढला. हिरीसाठी तराजू नकोच, हिरीने यायचं आणि फुटाण्यांच्या पाटीतून स्वतःच्या हाताने मूठ भरायची. ती मूठ वरचीच, तिच्या खाली तोललेलं काही नाही.

मग मी वडिवळ्याच्या वरच्या वाडीत गेले. हिरीचे वडील बुधाभाऊ दारातच होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पण मी उभीच राहिले. हिरी चुलीपाशी, पाठ माझ्याकडे. मी पुडीची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाले की मी चुकले, सगळ्यांसमोर बोलले तर सगळ्यांसमोरच माफी मागेन.

ती वळली नाही. बुधाभाऊ म्हणाले, "पोरीला वजनाचं न्हाई लागलं, ताई. तुमी इचारलं न्हाई, त्याचं लागलं."

डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. हिरीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि विचारलं, उद्या सराव किती वाजता.

मैदानावर मी पोरींपुढे माफी मागितली. त्यानंतर हिरी रोज भट्टीवर जाऊन आपली मूठ भरायची. शालूबाई तोंड वळवून बसायची, बघवत नाही म्हणे. वजन हळूहळू उतरू लागलं. आम्ही पाणी तोडलं नाही, जेवण तोडलं नाही.

चाचणी लोणावळ्यात होती. वजनाच्या खोलीबाहेर मी नखं खात उभी होते. हिरी काट्यावर चढली. पंच खाली वाकून आकडा बघत होते, पण हिरी आकड्याकडे बघत नव्हती, दारातून माझ्याकडे बघत होती.

चौसष्ट आठशे.

ती खाली उतरली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ताई, आता बसला इश्वास?"

"काट्यानं नाही बसला," मी म्हटलं. "त्याच्या आधीच बसला होता. मला बोलायला उशीर झाला."

ती हसली. मग म्हणाली, लय भूक लागलीया. मी तिला केळं दिलं आणि आम्ही मैदानाकडे निघालो.