आवाज आला, पण ऐकू आलं नाही

डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत एकवीस वर्षं बसणाऱ्या बाईंना सगळे काउंटरताई म्हणत. कुणाचा कोणता डोळा झाला, कुणाचा राहिलाय, कुणाला थेंब घालायला सून लागते आणि कुणाला सुनेने घातलेले थेंब चालत नाहीत, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. त्यामुळे फोनवरच्या मेसेजना आपोआप उत्तर देणारा ‘मदतनीस’ दवाखान्याने दोन महिन्यांपूर्वी आणला, तेव्हा ताईंनी त्याच्याकडे नवीन जावयाकडे बघावं तसं बघितलं. वाईट काही बोलायचं नाही, पण लक्ष ठेवायचं.

मदतनीस म्हणजे एक प्रोग्राम. लोकांनी लिहिलेलं वाचायचा, वेळा सांगायचा, नोंदी करायचा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्वतःहून विचारायचा, “उद्या येणार ना?” काम चोख होतं. खिडकीपुढची रांग निम्मी झाली, हे ताईही मान्य करायच्या.

त्या मंगळवारी मात्र सकाळी आठ वाजता ऑपरेशनची खोली तयार, डॉक्टरबाई हात धुऊन उभ्या, आणि पेशंटचा पत्ता नाही. पेशंट म्हणजे निवृत्त बस कंडक्टर, डावा डोळा, मोतीबिंदू. स्क्रीनवर त्यांच्या नावापुढे हिरवी खूण होती : येणार.

ताईंनी फोन लावला. पलीकडे नुसता कल्ला, शिट्ट्या आणि पाण्याचा आवाज.

“काका, कुठे आहात? इथे सगळे खोळंबलेत.”

“अहो, मी नातीच्या पोहण्याच्या स्पर्धेला आलोय,” कंडक्टरकाका ओरडून बोलत होते. “सांगितलं होतं की काल तुमच्या माणसाला. चांगलं मिनिटभर बोललो. स्पर्धा अचानक आजवर आली, मला पुढच्या आठवड्यातली तारीख द्या, म्हटलं.”

“कोणाशी बोललात?”

“तो मेसेजवाला. आवाज भरून पाठवला ना मी. तो म्हणाला, ‘आपला मेसेज मिळाला, धन्यवाद.’ फार सभ्य आहे हो मुलगा. थांबा, तिची पाळी आली.”

फोन बंद झाला. ताईंनी पुढच्या पेशंटला लवकर बोलावून वेळ मारून नेली, डॉक्टरबाईंची बोलणी निमूट ऐकून घेतली, आणि मदतनीस तयार करणाऱ्या कंपनीतल्या मुलीला बोलावणं धाडलं. ती मुलगी इतकी किडकिडीत होती की पहिल्याच दिवशी नर्सबाईंनी तिचं नाव ‘बारकी’ पाडलं होतं, आणि तिनेही ते आनंदाने चालवून घेतलं होतं.

दुपारी बारकी लॅपटॉप घेऊन खिडकीच्या आत, ताईंच्या शेजारच्या स्टुलावर बसली.

“ताई, त्याला फक्त लिहिलेलं वाचता येतं,” ती म्हणाली. “आवाज आला तर ‘आवाज आलाय’ एवढंच कळतं. आत काय आहे ते नाही. ऐकायची सोय आपण घेतलेलीच नाही.”

“मग मिळाला, धन्यवाद, असं का म्हणाला?”

बारकीने मान खाली घातली. “काहीही आलं की ते वाक्य जायचं. आणि ‘येणार ना?’ विचारल्यावर ‘नाही’ असा शब्द दिसला नाही, तर तो ‘हो’ धरायचा.”

“म्हणजे मौनं संमतिलक्षणम्,” ताई म्हणाल्या. “दोन महिन्यांत असे किती आलेत, बघ बरं.”

बारकीने यादी काढली. नुसता आवाज पाठवणारे एकतीस जण. नुसतं स्टिकर पाठवणारे अठरा. एका आजींना मदतनीसाने विचारलं होतं, “आपली वेळ रद्द करू का?” त्यांनी एक स्टिकर पाठवलं होतं. कोणतं, ते मदतनीसाला दिसलं नव्हतं. त्याने वेळ रद्द करून टाकली होती.

ताईंनी तिथल्या तिथे आजींना फोन केला. आजी म्हणाल्या, “अगं, हात जोडलेलं चित्र पाठवलं मी. बाई गं, रद्द नको करू, म्हणून.”

ताईंनी त्यांना गुरुवारची वेळ दिली आणि फोन ठेवून बारकीकडे बघितलं. “हात जोडले म्हणजे नमस्कार, हात जोडले म्हणजे आभार, आणि हात जोडले म्हणजे पाया पडते पण हे करू नकोस. मला समोर दिसलं असतं तरी विचारावं लागलं असतं. ह्याला तर दिसलंही नाही.”

“स्टिकरचा अर्थ लावायचाच नाही मग,” बारकी म्हणाली आणि भराभरा टाइप करू लागली. “लिहून आलेलं ‘हो’ नाहीतर ‘नाही’, तेवढंच धरायचं. तोवर नोंदीला हात लावायचा नाही. आणि मजकुरात कुणी हसरा चेहरा वगैरे टाकला तर तो त्याला वाचता येतो, ते चालेल. स्टिकर म्हणजे वेगळं चित्र, ते नाही.”

तिने आवाजासाठी उत्तर लिहून दाखवलं. ‘क्षमस्व. सदर प्रकारचा संदेश या प्रणालीमध्ये समर्थित नाही. कृपया मजकूर स्वरूपात संदेश पाठवावा.’

ताईंनी चष्मा वर सरकवला. “हे मला समजायला दोनदा वाचावं लागलं, आणि मला दिसतं. अगं, हा डोळ्यांचा दवाखाना आहे. माणूस बोलून पाठवतो, कारण त्याला अक्षरं दिसत नाहीत. त्याला तू लिहून सांगतेस की लिहून पाठव.”

बारकीने लिहिलेलं खोडलं आणि हळूच म्हणाली, “हे माझ्या लक्षातच आलं नाही.”

“माझ्याही नव्हतं आलं दोन महिने. चल, लिही.”

तास दीड तास दोघींची घासाघीस चालली. मध्ये चार पेशंट येऊन गेले, चहा आला, नर्सबाईंनी डोकावून दोन फुकटचे सल्ले दिले. ताईंचं म्हणणं, पहिल्या शब्दात खरं सांगून टाक, की ऐकलेलं नाही. दुसरं, फोन नंबर अगदी वर, त्याच्यावर बोट ठेवलं की फोन लागायला हवा. बारकीचं म्हणणं, लिहिता न येणाऱ्यांना कीबोर्डवरचा माइक सांगू, तिथे बोललं की फोनच अक्षरं करून देतो. ताईंना हे माहीत नव्हतं. त्यांनी स्वतःच्या फोनवर करून बघितलं. ‘डोळ्यात थेंब घाला’ म्हटलं तर ‘डोळ्यात टेंभा घाला’ असं उमटलं. दोघी पोट धरून हसल्या, पण उपाय ठेवला. मात्र सगळ्यात शेवटी, आणि ‘पाठवण्याआधी वाचून घ्या’ हे जोडून.

“आणि एक,” ताई म्हणाल्या. “त्या आवाजात काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही. वेळ विचारली असेल, किंवा कुणाच्या डोळ्यात काही गेलेलं असेल. त्यामुळे तातडीचं काय ते प्रत्येक वेळी सांगायचं.”

अखेर उत्तर असं ठरलं :

‘तुमचा आवाज आला, पण मला तो ऐकता येत नाही, म्हणून अजून काहीही नोंदवलेलं नाही. डोळ्याला मार लागला असेल, डोळ्यात काही गेलं असेल किंवा अचानक कमी दिसत असेल तर लगेच फोन करा.’ खाली नंबर. त्याखाली, ‘बाकी कामासाठी याच नंबरवर नऊ ते सहा बोला, किंवा दोन शब्द लिहून पाठवा.’ आणि शेवटी माइकची ओळ.

बारकीने नंबर उचलून सगळ्यात वर नेला. “मोठ्या अक्षरात दाखवता येणार नाही, पण पहिली ओळ तर करता येते.” तिने आणखी एक केलं. त्याच माणसाचा दुसऱ्यांदा आवाज आला, तर तेच पुराण पुन्हा लावायचं नाही. ताईंच्या स्क्रीनवर खूण उठवायची, म्हणजे ताई स्वतः फोन करतील. स्टिकरला छोटं उत्तर : ‘स्टिकर आलं, पण त्यावर काय आहे ते मला दिसत नाही. तुमची वेळ आहे तशीच आहे. येणार असाल तर हो लिहा, नसाल तर नाही.’ आणि विचारलेलं काही बाकी नसताना कुणी स्टिकर पाठवलं, तर नुसतं, ‘काही हवं असेल तर लिहा किंवा फोन करा.’

“धन्यवाद कुठे टाकू?” बारकीने विचारलं.

“काम झाल्यावर म्हणू,” ताई म्हणाल्या.

संध्याकाळी त्या दोघींनी एकतीस आणि अठरा, सगळ्यांना फोन केले. निम्म्यांनी रागावून घेतलं, बाकीच्यांनी चौकशा केल्या. कंडक्टरकाकांना पुढच्या मंगळवारची तारीख मिळाली. नात दुसरी आली होती, आणि पहिली आलेली मुलगी नियमापेक्षा दोन इंच उंच होती, असं त्यांचं ठाम मत होतं.

शुक्रवारी अकराच्या सुमारास ताईंच्या टेबलावरचा फोन वाजला. एक बाई घाबऱ्याघुबऱ्या बोलत होत्या. नवरा भिंती रंगवायचं काम करतो, छताला चुना मारताना गोळा डोळ्यात पडला. त्याला डोळा उघडवेना, तरी चाचपडत त्यानेच दवाखान्याला आवाज पाठवला होता. उत्तर आलं तेव्हा बायको धावत आली होती. तिने पहिली ओळ बघितली आणि त्यावर बोट ठेवलं.

“नळ कुठे आहे?” ताईंनी विचारलं.

“समोरच आहे.”

“त्याचं डोकं नळाखाली धरा. बोटांनी पापणी उघडी ठेवा आणि स्वच्छ पाणी सोडत राहा. चोळू देऊ नका. मी डॉक्टरबाईंना सांगते, तोवर फोन ठेवू नका.”

डॉक्टरबाईंनी फोन हातात घेतला. वीस मिनिटं पाणी, मग रिक्षा, आणि रिक्षातही बाटलीने पाणी घालत या, असं त्यांनी सांगितलं. पाऊण तासात रंगारी दारात हजर झाला, मानेपर्यंत ओलाचिंब, मिश्या चुन्याने पांढऱ्या, बायको मागून बाटली ओतत. त्याला सरळ आत नेलं.

तासाभराने डॉक्टरबाई बाहेर आल्या. “वरचा थर जरा भाजलाय, पण भरून येईल. पाणी वेळेवर पडलं म्हणून निभावलं.” जाता जाता त्या ताईंच्या खिडकीशी थांबल्या. “त्या मंगळवारी जरा जास्तच बोलले मी.”

“बोलायलाच हवं होतं,” ताई म्हणाल्या. “एकवीस वर्षांत एवढं छान कारण पहिल्यांदाच मिळालं तुम्हाला.”

रंगारी डोळ्याला पट्टी लावून बाकावर बसला होता. त्याची बायको औषधांची चिठ्ठी घेऊन खिडकीशी आली.

“ताई, खरं सांगू? आधी मला राग आला होता,” ती म्हणाली. “हा इकडे कळवळतोय आणि तुमचं ते म्हणतंय, मला ऐकता येत नाही. मग म्हटलं, बरं झालं बाई, सांगितलं तरी. नाहीतर कुणीतरी येईल म्हणून आम्ही वाट बघत बसलो असतो.”

ताईंनी तिला थेंबांच्या वेळा समजावून सांगितल्या, कोणती बाटली चार वेळा आणि कोणती रात्री, आणि त्या बाटल्यांवर एक आणि दोन असे आकडे ठळक घातले. मग दोघं गेल्यावर बारकीला फोन केला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. पलीकडून नुसती कीबोर्डची टकटक ऐकू येत होती.

“आहेस ना गं?”

“आहे,” बारकी म्हणाली. “ताई, आमचा दातांच्या दवाखान्यातही एक मदतनीस आहे. तिथे काय उत्तर जातं ते आत्ताच उघडून बघतेय.”

“बघ. आणि दात दुखणारा माणूस बोलणार तरी कसा, याचाही विचार कर,” ताई म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.