घरच्या माणसाचा फॉर्म

सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या आपल्या सोनोग्राफी सेंटरात डॉक्टर धम्मप्रियाचा नियम भलताच कडक होता. आधी नोंद, मग तपासणी. नगरसेवकाची बायको येवो नाहीतर फौजदाराची आई, नाव-वय-तक्रार लिहिल्याशिवाय कुणाच्या पोटाला जेल लागायची नाही. सूट फक्त घरच्यांना. घरचं कुणी आलं की पेशंट संपल्यावर "झोप रे जरा" म्हणायचं, उभ्या उभ्या प्रोब फिरवायचा आणि "काही नाही, जा" म्हणून वाटेला लावायचं. ना फॉर्म, ना माप, ना रिपोर्ट. आणि या मायेचं डॉक्टरीणबाईंना स्वतःलाच कौतुक होतं!

आज टेबलावर तिचा धाकटा भाऊ सुमित होता, माढ्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवणारा, अडतीस वर्षांचा गडी. आठ दिवस उलट्या-जुलाब झाले आणि रक्तात क्रिएटिनिन, एकाच्या आसपास असायला हवं ते, निघालं साडेआठ. किडनीच्या डॉक्टरांनी सकाळी तिला फोनवर सांगितलं होतं, "जुलाबानं पाणी कमी होऊन किडन्या अचानक बसल्या असतील, तर थोड्या दिवसांच्या डायलिसिसवर बहुतेक उठतील. जुनं दुखणं असेल तर अवघड आहे. आकार बघून सांगा."

धम्मप्रियानं मनाशी धरलं होतं, जुलाबच. बाहेर बाकावर त्यांची आई पारूबाई भाकरीचा डबा मांडीवर घेऊन बसली होती, तिनंही तेच धरलं होतं.

उजवी किडनी लवकर सापडेना. सापडली तेव्हा धम्मप्रियानं लगेच माप टाकलं. दहा-अकरा सेंटिमीटर असायला हवी, ती भरली सात पूर्णांक चार. रडीचा डाव खेळावा तशी तिनं प्रोब तिरका धरून पुन्हा मोजली. सात पूर्णांक पाच. शेजारच्या लिव्हरपेक्षा जराशी काळपट दिसायला हवी, तर ही पांढरीफटक. बाहेरचा थर पातळ झालेला, आणि तो कुठं संपतो नि आतला भाग कुठं सुरू होतो ती रेघच पुसलेली. अचानक बसलेली किडनीही कधीकधी पांढरट दिसते, पण ती आखडत नाही. नेहमीएवढी असते, नाहीतर सुजून मोठी. इतकं आखडायला वर्षं लागतात. लघवी तुंबलेली असती तर नळी घालून वाट करता आली असती. तिनं तेही शोधलं. तुंबलं काहीच नव्हतं.

डावी तर सात पूर्णांक एक.

"ताई, गप का झालीस?"

"श्वास धर."

"धरलाय की. मागच्या टायमाला एवढा वेळ नव्हता लागला."

मागचा टाइम दोन वर्षांपूर्वीचा. पोटात दुखतंय, डोकंही लई दुखतंय म्हणत आला होता. हिनं दोन मिनिटांत लिव्हरला चरबी आहे म्हणून सांगितलं, वजनावरून चिडवलं आणि चहा पाजून लावून दिलं. किडनी बिघडली की बीपी वाढतं नि डोकं दुखतं, पण डोकेदुखीचं ऐकूनही तिनं बीपी काही बघितलं नव्हतं.

सुमित पोट पुसून बाहेर गेला. धम्मप्रियानं मशीनमधली जुनी चित्रं उघडली. त्या दिवशी सवयीनं एक साठवून ठेवलं होतं, मोजलं मात्र नव्हतं. लिव्हर चरबीनं पांढरी, आणि तिला लागून किडनी, अगदी तशीच पांढरी. दोन्ही सारख्या दिसल्या म्हणून तिनं ठीक म्हटलं होतं. अगं बाई, चरबीच्या लिव्हरशेजारी चांगली किडनी काळी उठून दिसते, हे ती दरवर्षी शिकाऊ डॉक्टरांना शिकवायची! आता तिनं त्याच चित्रावर माप टाकलं. आठ पूर्णांक सहा. म्हणजे तेव्हाच आखडायला लागली होती. तिला स्वतःची शिसारी आली.

पारूबाई दार ढकलून आत आली. "काय म्हणतंय मशीन? जुलाबाचंच हाय न्हवं?"

"नाही, आई. जुनं आहे. ह्या किडन्या आता उठायच्या नाहीत."

"असं कसं? तू बघितलं व्हतंस की. चांगल्या हायती म्हणालीस."

"चांगल्या नव्हत्या. मी नीट बघितल्याच नाहीत. तेव्हा कळलं असतं तर बीपीच्या गोळ्या चालू झाल्या असत्या, ह्या आणखी काही वर्षं टिकल्या असत्या."

पारूबाई रागवली असती तर बरं झालं असतं, पण ती रागवली नाही. डबा खुर्चीवर ठेवून ती स्वतःच टेबलावर चढली.

"माजी किडनी बघ. त्याला चालंल का माजी?"

धम्मप्रियानं नोंदीचा फॉर्म ओढला. "पूर्ण नाव सांग."

"येडी का काय? घरचीच हाय की मी."

"म्हणूनच. नाव सांग."

पारूबाईनं नाव सांगितलं, वय अंदाजानं साठ सांगितलं. धम्मप्रियानं सगळं लिहिलं.

"तक्रार काय?"

"काय न्हाय बघ. डोकं तेवढं दुखतंय, अधनंमधनं. दोन-तीन वर्षं झाली."

धम्मप्रियानं तेही लिहिलं. मग जेलची बाटली हातात घेतली, आणि आईच्या पोटाकडं तिचा हात काही केल्या जाईना.