चंपालालचा निरोप आणि दोन गावांचं चौघडियं

जळगावात त्या वर्षी चैत्रातच असं ऊन पडलं की डाळ मिलच्या पत्र्यावर टाकलेला पापड एका बाजूने भाजला की आपणहून कूस बदलायचा. अशा उन्हात चंपालालशेठच्या केबिनला मात्र गारवा होता. तो शेठसाठी नव्हता, कॉम्प्युटरसाठी होता. विकणाऱ्याने सांगितलं होतं, की याला धूळ आणि गरमी चालत नाही. म्हणून शेठ स्वतः घामाने निथळत बाहेर ओट्यावर बसायचे, आणि यंत्र आत कुलपात, थंड हवेत, जावयासारखं.

साल नव्व्याण्णवचं. ईमेल हा प्रकार गावात चार-दोन ठिकाणीच होता. चंपालालला त्यातली एकच गोष्ट मनापासून आवडली होती. कागद लिहून ठेवायचा, वेळ नेमून द्यायची, आणि ती वेळ झाली की यंत्र आपणहून फोन लावून तो रवाना करणार. माणूस तिथे नसला तरी चालेल, फक्त यंत्र चालू हवं आणि फोनची लाइन मोकळी हवी. चंपालालच्या बापाने कधी चौघडियं पाहिल्याशिवाय पोस्टकार्ड पेटीत टाकलं नव्हतं. दिवसाचे आठ भाग, कुठला अमृत, कुठला शुभ, कुठला काळ, कुठला रोग. काळ असला तर ते पोस्टकार्ड खिशात ठेवून पेटीसमोर उभे राहायचे. त्या बापाच्या मुलाला असं यंत्र मिळाल्यावर आणखी काय हवं?

आणि या वेळचा निरोप साधा नव्हता. धाकट्या भावाला होता, मोहनलालला. तो शिकागोला. तो परदेशी निघाला तेव्हा चंपालाल भरल्या पंगतीत बोलून गेले होते, "गेलास तर या घरात तुझं ताट नाही." मोहनलालने ते शब्दशः धरलं. तेव्हापासून भावाभावांत बोलणं नाही. एकदा फोन झाला होता, तोही रिसीव्हर आपटूनच संपला.

आता त्यांच्या आईने, जतनबाईने, वर्षीतप केलं होतं. वर्षभर एक दिवस उपास, एक दिवस जेवण. अक्षय्यतृतीयेला उसाचा रस घेऊन त्याचं पारणं करायचं. आमंत्रणं गेली, मंडप सांगून झाला. मग बाईने, घरात आईला सगळे बाईच म्हणायचे, शांतपणे सांगितलं, "रस मोहनच्या हातून घेईन. तो आला नाही तर माझे उपास पुढे चालू."

"बाई, या वयात?" चंपालाल म्हणाले.

"वय माझं आहे, तुझं नाही."

मग चंपालालने मोहनच्या एका जुन्या मित्राकडून त्याच्या ऑफिसचा ईमेल पत्ता मिळवला आणि एका बोटाने, रोमन अक्षरांत, आठवडाभर खोडत-खोडत निरोप लिहिला. त्यात बाईचा हट्ट होता. शेवटी एक ओळ होती, 'ताटाचं मी बोललो ते चुकलं.' ती ओळ त्यांनी तीनदा पुसली, चौथ्यांदा राहू दिली. सोमवारी दिवसाचं शेवटचं चौघडियं अमृत. म्हणून संध्याकाळी सहाची वेळ नेमली, केबिनला कुलूप घातलं, किल्ली बंडीच्या खिशात टाकली आणि पारोळ्यावरून धुळ्याची एसटी धरली. धुळ्याला बहीण धनकुंवरच्या दिराच्या मुलीची बघाबघी होती, आणि मोठ्या भावाने नाही जायचं तर कोणी?

पाहुणे पोहे खाऊन गेले. पावणेसहाला चंपालाल झोपाळ्यावर बसले आणि घड्याळाकडे पाहून हसले.

"भाईसा, एवढे खुशीत?" धनकुंवरने विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. अमृतात निघणार, म्हणजे काम झालंच म्हणून समज.

धनकुंवर सुपारी कातरता कातरता थांबली. "इथे अमृत आहे. पण तिथे?"

"तिथे काय?"

"तिथे आत्ता सकाळ आहे. सोमवारचीच. इथले सहा म्हणजे तिथले साडेसात. कालपासून त्यांनी घड्याळं तासभर पुढे ढकललीत, उन्हाळा आला की ढकलतात. परवापर्यंत साडेसहा धरायचे."

"मग चांगलं! सोमवारी सूर्य उगवला की पहिलं अमृतच."

"पण भाईसा, कागद पोहोचला म्हणजे वाचला का? तुमचा कागद त्याच्या पेटीत जाऊन पडेल. मोहन ऑफिसात येतो साडेआठला. तिथे साडेसहाला उजाडतं. म्हणजे आठ वाजून गेले की अमृत संपलं, काळ लागला. तो चहाचा कप ठेवणार, पेटी उघडणार, आणि तुमचं वाचणार ते पार काळाच्या मध्यावर."

चंपालालचा पाय जमिनीला टेकला, झोपाळा थांबला. "आणि शुभ कधी?"

"त्याच्या पावणेदहानंतर. म्हणजे आपल्या सव्वाआठनंतर."

"तुला काय माहीत तो किती वाजता येतो, चहा कधी पितो, घड्याळ कधी ढकलतो?"

धनकुंवरने अडकित्ता पुन्हा चालू केला. "दर रविवारी फोन येतो त्याचा."

"माझ्या पाठीमागे?"

"तुमच्या पुढ्यात आला असता तर तुम्ही घेतला असता का?"

सहाला थोडाच वेळ होता. चंपालालने जळगावला फोन लावला. मिलच्या फाटकावर त्याच लाइनचा दुसरा फोन होता. तो उखर्डू वॉचमनने उचलला.

"उखर्डू, केबिनमधलं यंत्र बंद करायचंय!"

"किल्ली तुमनाजोडे शे, शेठ."

चंपालालने बंडीचा खिसा चाचपला. किल्ली होती. कपाळाला हात मारणार, एवढ्यात त्यांच्या डोक्यात उजेड पडला. यंत्र फोनवरून जाणार. फोन एकच. फोनवर कोणी बोलत असेल तर यंत्र जाईल कसं?

"उखर्डू, फोन ठेवू नको! बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही!"

आता चंपालालशेठची कीर्ती अशी, की फोनला ते तव्यासारखं धरायचे, उचलला की चटका. आणि उखर्डूची अशी, की त्याला कोणी बोलू दिलं तर धरणगावला जाणारी गाडी स्टेशनातच ऐकत उभी राहील. शेठने त्याला आजवर चार वाक्यांपुढे जाऊ दिलं नव्हतं. बिचारा इतकी वर्षं पोटात साठवून बसला होता.

"मंग आयका शेठ," तो म्हणाला, आणि सुरू झाला. जामनेरच्या बाजारात त्याच्या मामाने घेतलेली म्हैस. ती रोज गाडीची शिटी ऐकून दूध द्यायची. एकदा गाडी लेट झाली तर पान्हा रात्रीपर्यंत चोरून धरला. मग मामाने शिटी वाजवायला पोरगा ठेवला, तर म्हैस मालगाडीची शिटी आणि पॅसेंजरची शिटी ओळखायला लागली आणि मालगाडीला ताक द्यायला लागली.

"ताक?"

"बठ्ठा गाव साक्षीले शे, शेठ!"

सहा वाजले. उखर्डू मध्येच थांबला. "शेठ, फोनमा कोनी तरी किडकिड करी ऱ्हायनं. कुईकुई आवाज येस."

"ते यंत्र आहे. त्याला लाइन मिळत नाही म्हणून चिडलंय. तू थांबू नको, म्हशीचं काय झालं?"

किडकिड थांबली. पाव तासाने पुन्हा आली, पुन्हा थांबली. यंत्राला दर पाव तासाने पेटी बघायची सवय होती, आणि प्रत्येक वेळी उखर्डूची म्हैस दारात आडवी बसलेली. बाहेर दिवेलागण झाली. धनकुंवरने झोपाळ्यावरच ताट आणून दिलं. शेठ एका हाताने जेवले, दुसऱ्या कानाने उखर्डूच्या साडूचं लग्न ऐकलं. त्यात नवरदेव म्हणे चक्रीवाऱ्यात उडून दुसऱ्याच मांडवात उतरला, आणि तिथेही त्याला हळद लागली.

आठ वाजत आले तशी धनकुंवर जवळ येऊन बसली. हलकेच म्हणाली, "भाईसा, एक गोष्ट आहे. सव्वाआठला तिथे शुभ असेल, पण आपल्याकडे रोग लागतो तेव्हा."

चंपालालने रिसीव्हरच्या तोंडावर हात धरला. मघाचा उजेड पार विझला. "म्हणजे मी रोगात निघालेला कागद पाठवू? बापाने असं आयुष्यात केलं नाही."

"मग आत्ता ठेवा फोन. आत्ता आपल्याकडे चर आहे, वाईट नाही. तिकडे मात्र काळ."

झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या. पलीकडून उखर्डूचा आवाज बारीक येत होता, नवरदेवाची वरात अजून हवेतच होती. आपलं चांगलं चौघडियं धरायचं, की त्याचं? आजवर त्यांनी प्रत्येक वेळी आपल्या पाटावरून पंचांग पाहिलं होतं. पंगतीतलं ते वाक्यही त्यांनी तसंच, स्वतःच्याच पाटावर बसून बोललेलं होतं.

"वाचणार तो आहे," शेवटी ते म्हणाले. "त्याचं शुभ असू दे. रोग मला लागला तर लागू दे, धुळ्यात डॉक्टर पुष्कळ आहेत."

घड्याळाचा मोठा काटा तीनवर आला.

"उखर्डू, ठेव आता."

"पन शेठ, नवरदेव आजून वर शे..."

"उद्या उतरव त्याला. ठेव!"

फोन ठेवला. आता जळगावच्या कुलूपबंद थंड खोलीत यंत्राची पुढची फेरी होणार, लाइन मोकळी मिळणार. इथे धुळ्यात काहीच कळणार नव्हतं. धनकुंवर वाती करत बसली. चंपालालने पंचांग उलटं ठेवलं, म्हणजे रोगाचा तो रकाना दिसायला नको.

नऊच्या आसपास फोन वाजला, लांबलचक, परदेशातून येतो तसा. धनकुंवर उठली नाही. भावाकडे नुसतं पाहिलं. चंपालालने तवा उचलावा तसा रिसीव्हर उचलला.

"धनू, ऐक," पलीकडून आवाज आला, "भाईसांचा मेल आलाय. खरा त्यांचाच आहे का? त्यांना लिहिता येतं यावर?"

"एका बोटाने," चंपालाल म्हणाले.

मग मोहनलाल म्हणाला, "भाईसा?"

"हो."

"सोमवारी सकाळी येतो तेव्हा शनिवार-रविवारच्या मेलचा ढीग पडलेला असतो. मी वरून खाली पुसत जातो, अर्ध्या डोळ्याने. आज पुसून झालं, हात धुतले आणि बसलो. तेवढ्यात तुमचा एकटाच आला. आधी येऊन पडला असता तर मी तोही पुसून टाकला असता. पाठवणाऱ्याचं नाव असल्या वेड्यावाकड्या स्पेलिंगचं, की ओळखीचंही वाटत नव्हतं."

चंपालालला वाटलं, यात चौघडियं किती आणि ढीग किती? पण हिशोब मांडायची ही वेळ नव्हती.

"शेवटची ओळ वाचलीस?"

"तीच आधी वाचली."

"मग?"

"सुट्टी मागायला जातोय साहेबाकडे. बाईला सांगा, ऊस गोड बघून आणायला. आणि भाईसा..."

"बोल."

"तुम्हाला एवढा वेळ न आपटता फोन धरता येतो, हे मला माहीत नव्हतं."

चंपालाल पहिल्यांदा मोकळे हसले. "मलाही आजच कळलं," ते म्हणाले, आणि रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावून झोपाळ्यावर नीट मांडी घालून बसले. "आता सांग, तुझ्या तिकडे सकाळी चहा कोण करतं?"