पाच कवड्यांचा नायक

मोबाइल गेमची कंपनी चालवणाऱ्या सौगतदाच्या नव्या गेमचा नायक सहा महिने पळत होता, उड्या मारत होता, मरत होता, पण त्याचं बारसं झालं नव्हतं. गोष्ट लिहिणाऱ्या तृणा माइतीनं कामापुरतं एक नाव ठेवलं होतं: पाचकोडी, म्हणजे पाच कवड्या. बंगालच्या जुन्या गोष्टींतल्यासारखा हा नायक, आधीची भावंडं गेलेली, म्हणून आईनं सुईणीला पाच कवड्यांना विकलेला. विकलेल्या पोरावर यमाचा हक्क उरत नाही, अशी समजूत. आपल्याकडे दगडू-धोंडू ठेवतात, तसंच.

"आता खरं नाव दे," सौगतदा मुरमुऱ्यांचा बकाणा भरत म्हणाला. "पंधरा वर्षांची पोरं खेळणार. त्यांना रुबाब लागतो. रुद्रनील कसं?"

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," तृणा म्हणाली. "पहिल्या पातळीवर त्याच्याकडे काठीसुद्धा नसते, दादा."

"मग तुझ्या पाचकोडीला पोरं हसतील."

हसतील, हे तृणालाही ठाऊक होतं. शाळेत वडिलांचं नाव विचारलं की ती 'पी. के. माइती' सांगायची. पूर्ण नाव पाचकोडी. आपल्या लाजेची तिला अजून लाज वाटत होती, आणि म्हणूनच ते नाव तिला सोडवत नव्हतं.

चाळीस नावांची यादी झाली. मोबाइलच्या ॲप-स्टोअरवर शोधलं तर 'रुद्र'वाले खेळ सत्तरच्या वर निघाले. नवा त्यांत हरवणार. काही नावांची नोंदणी दुसऱ्यांनी आधीच केलेली, काही पडद्यावरच्या पट्टीत मावेनात. आवाज देणाऱ्या बाईंनी उरलेली लढाईतल्या हाकेसारखी ओरडून पाहिली. तीन ठिकाणी जीभ अडकली. शेवटी दोनच राहिली: सौगतदाचा हट्ट म्हणून रुद्रनील, आणि पाचकोडी.

जवळच्या बेहाला भागातल्या एका शाळेतली वीस मुलं गेम खेळून बघायला आली. दहा-दहांचे दोन गट, खेळ तोच, फरक फक्त नावाचा. नाव आवडलं का, हे कुणाला विचारायचं नाही असा तृणाचा नियम होता. विचारलं की पोरं शेजाऱ्याकडे बघून उत्तर देतात. दुसऱ्या गटात नाव झळकलं आणि हशा पिकला. "ए, माझ्या आजोबांचा किराणावाला!" कुणीतरी ओरडलं. तृणाचे कान तापले. काचेपलीकडून सौगतदानं भुवया उडवल्या.

तीन दिवसांनी मुलांना फोनवर एकच काम दिलं: मित्राला सांगतोस तशी ही गोष्ट सांग. पहिल्या गटात नायक कुणी इंद्रनील केला, कुणी रणजय. चौघांनी 'तो हिरो' म्हणून भागवलं. बरोबर नाव दोघांनाच आठवलं. दुसऱ्या गटात नऊ जणांना पाचकोडी आठवला. ऐशिका नावाच्या मुलीनं तर उलट विचारलं, "दीदी, त्या पाच कवड्यांचं आईनं काय केलं? मी दोन दिवस तोच विचार करतेय."

खेळात त्याचं उत्तर नव्हतं. सौगतदानं मुलांच्या उत्तरांचा कागद दोनदा वाचला.

"हरलो," तो म्हणाला. "कवड्यांची एक पातळी लिहून काढ. आणि हे तुझ्या वडिलांचंच नाव ना? माणूस हयात आहे, गोष्टही त्यांच्यासारखीच. वकील लेखी संमती मागेल. सही नसेल तर रुद्रनील."

ज्या नावाला तृणानं वीस वर्षं झाकलं, तेच आता मागायला जायचं होतं.

रविवारी सकाळी बाबा गच्चीत पेपर वाचत होते. छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात जन्म गेलेला. छापलेला कागद ते अक्षर न् अक्षर वाचत. संमतीपत्रही तसंच वाचलं.

"जगात नावांचा दुष्काळ पडला काय गं?"

"बाबा, मी शाळेत तुमचं नाव लपवायचे. पी. के. सांगायचे."

"ठाऊक आहे. मीही छापखान्यात तेच सांगायचो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "माझ्या आधी चार झाले होते. एकही बाराव्या दिवसापर्यंत टिकला नाही, म्हणून नावंही नाहीत त्यांना. हा तुझा पोरगा मरतो का?"

"सारखा मरतो. पण उठतो. यमदूत वही उघडतो, किंमत पाच कवड्या बघतो आणि म्हणतो, एवढ्यासाठी कोण वाकणार? जा परत."

बाबा हसले. मग तृणानं त्यांना ऐशिकाचा कवड्यांचा प्रश्न सांगितला.

"ऐक," ते म्हणाले, "त्या पोरीला सांग. आईनं त्या कवड्या खर्चल्या नाहीत. त्या चौघांसाठी एकेक गंगेत सोडली. पाचवी माझ्या कमरेला बांधली."

पेन उघडून त्यांनी सवयीनं 'पी.' लिहिलं. थांबले. ते खोडलं आणि शेजारी, खिळे जुळवावेत तसं सावकाश, एकेक अक्षर सुटं ठेवत, पूर्ण नाव लिहिलं.