पाळण्यावरची सावली

दहिवलीतल्या त्या फोटो स्टुडिओत आता पासपोर्टच्या फोटोपलीकडे कुणी फिरकत नसे. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आले आणि तस्लीमचाचीचा धंदा बसला. नवरा अबूबकर जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा कामरान कतारला. दिवसभरात तिच्याशी धड चार वाक्यं बोलणारं माणूस एकच, शेजारच्या औषधाच्या दुकानातली गोदा. दुपारी ती डबा घेऊन यायची, चाचीचा चहा प्यायची आणि खोकल्याचं औषध घेत नाही म्हणून चाचीलाच रागवायची. ते रागवणं इतकं अंगवळणी पडलं होतं, की सुट्टीचा रविवार चाचीला खायला उठे.

त्या दिवशी गोदाने डब्याआधी एक जुना फोटो पुढे केला.

“चाची, माझ्या बारशाचा हाय. लग्नात मोठा करून लावायचाय. पण आधी सांगा, यातनं कुणाला काढलंय का?”

“असं का वाटलं गं?”

“आजी म्हणते, आई मला बाराव्या दिवसाच्या आधीच टाकून गेली. बारशाला नव्हतीच. काल फोटो बघताना कायतरी खटकलं. ती होती का नव्हती, येवढंच मला पायजे.”

चाचीने फोटो स्कॅन करून पडद्यावर मोठा केला. गोदाच्या कशेळ्याच्या घराचं अंगण, पाळणा, मागे चुन्याची भिंत आणि पाच माणसं. किती महिन्यांनी डोकं लावायचं काम आलं होतं! ती खुशीत खुर्ची पुढे ओढून बसली.

“आधी ऊन बघायचं. ऊन डावीकडून हाय, म्हणून सगळ्यांच्या सावल्या उजवीकडं पडल्यात. आता मोज.”

गोदाने बोट ठेवत मोजलं. माणसं पाच, सावल्या सहा.

“फोटोबाहेर कुणी उभं असंल,” गोदा हळूच म्हणाली. तिला खरं ते हवं होतं आणि खऱ्याची भीतीही वाटत होती.

“बाहेरच्याची सावली फोटोच्या कडेनं आत येते. ही बघ कुठनं निघाली. आजी आणि पाळण्याच्या मधनं, जिथं पाय असायला पायजेत तिथनं. पाय नायत, सावली हाय.” चाची जरा तोऱ्यातच बोलत होती. “आता भिंत बघू. माणूस पुसलं की मागं भोक पडतं. मग शेजारची भिंत उचलून तिथं चिकटवायची. चिकटवणारा आळशी असला, की एकच डाग परत परत येतो.”

तिने भिंत आणखी मोठी केली. चुन्याचा एक पोपडा उडाला होता, कैरीसारखा, देठाशी बारीक चीर. थोडं सरकलं की तोच पोपडा, तीच चीर. पुन्हा थोडं सरकलं, पुन्हा तोच. खरी भिंत एकसारखी तीनदा सोलत नाही.

चाचीचा हात माऊसवरच थांबला. याच भिंतीसाठी एकाच जागेवरून तीनदा उचललंस म्हणून अबूबकर पूर्वी तिच्यावर खेकसला होता. सावली राहिली, हेही त्यानेच दाखवलं होतं. पण गिऱ्हाईक बाकड्यावर खोळंबलं होतं, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीतली सावली कोण बघतंय, म्हणून तिने फोटो तसाच देऊन टाकला होता.

‘खांबाची सावली असेल’ एवढं म्हटलं असतं, तर उद्या दुपारी गोदा पुन्हा चहाला आली असती. चाचीला मोह झाला. फार झाला.

“होती,” ती म्हणाली. “तुझी आई होती. आणि तिला मीच पुसलंय, गोदा.”

गोदा खुर्चीपासून एक पाऊल मागे सरली.

“तू तीनेक वर्षांची असशील तेव्हा. तुझी आजी आली होती. म्हणाली, घर सोडून गेलेल्या बाईचं तोंड पोरीला दिसायला नको. मी विचारलंपण नाय कायी. मूळ फोटो तिनं नेला, तो संगणकही भंगारात गेला. माझ्याकडं काय उरलं नाय गं.”

गोदाने डबा पिशवीत घातला, फोटो उचलला. पायरीपर्यंत गेली आणि पाठमोरीच थांबली.

“पुसताना तोंड बघितलं असंल ना तुमी?”

चाचीने बघितलं होतं, पडद्यावर तळहाताएवढं करून. त्या बाईला शोधणारं कुणी येईल, असं तेव्हा कुठे वाटलं होतं! नाक कसं होतं, रंग कसा होता, आता काही केल्या आठवेना. पडद्यावर मात्र ती सहावी सावली अजून तशीच होती, आणि तिचा हात पाळण्यातल्या पांढऱ्या दुपट्यावर पडला होता. तो हात बघता बघता एक गोष्ट आठवली.

“बाकी सगळी कॅमेऱ्याकडं बघत होती,” चाची म्हणाली. “ती खाली बघत होती. तुझ्याकडं.”

गोदा निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी चाचीने सवयीने दोन कप चहा ठेवला.